भांडवलाचा आकार वजा केल्यावर वर्कशॉपला उरतं किती? ईव्हीए काढायची रीत

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या बाजूला सीएनसी टाकून बसलेल्या माणसाला त्याचा नफा विचारा, तो मार्चच्या पत्रकातला आकडा सांगेल. त्या आकड्यातून बँकेचं व्याज वजा झालेलं असतं. घरच्यांनी घातलेल्या पैशाची किंमत मात्र त्यातून व्यवस्थित वजा झालेली नसते, आणि वडिलांच्या नावावरच्या शेडचं भाडं तर कुठेच धरलेलं नसतं. धंद्यात अडकलेल्या सगळ्या पैशाचा आकार, म्हणजे त्या पैशाची वर्षाची किंमत, लावून, कर वजा करून जे उरतं त्याला आर्थिक मूल्यवर्धन म्हणतात. व्यवहारात सगळे ईव्हीएच म्हणतात, इथेही तेच वापरू. न्यूयॉर्कच्या स्टर्न स्ट्युअर्ट या सल्लागार कंपनीने हे नाव रूढ केलं. आपल्याकडे इन्फोसिसने वार्षिक अहवालात ईव्हीएचं पत्रक दिलेलं आहे. पण हा हिशोब मोठ्या कंपनीपुरता मुळीच नाही. पाच मशिनच्या वर्कशॉपला तो एका दुपारी जमतो, आणि माझ्या मते तिथेच तो जास्त कामाचा आहे, कारण लहान धंद्यात घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एकमेकांत मिसळलेला असतो.

सूत्र एवढंच:

ईव्हीए = करानंतरचा कामकाजाचा नफा − (गुंतलेलं भांडवल × भांडवलाचा दर)

तीन आकडे काढायचे. तिन्हींत चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एक वर्कशॉप धरू: दोन भावांची भागीदारी फर्म, चार टर्निंग सेंटर आणि एक व्हीएमसी, पंप आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग मशिनिंग करून द्यायचे. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, सगळे लाखांत आणि जीएसटी सोडून.

पहिली पायरी: कामकाजाचा खरा नफा

वर्षाची विक्री २४०. कास्टिंग, बार, इन्सर्ट, कूलंट मिळून ११८, पगार ४६, हेस्कॉमचं विजेचं बिल १४, वाहतूक-मेंटेनन्स-इतर १७.६, घसारा १४. त्याखाली बँकेचं व्याज ७.४, भागीदारांच्या भांडवलावरचं व्याज ७.२, भागीदारांचा पगार ४.८. तळाला निव्वळ नफा ११.

या ११ ला हात लावायचा तो दोन दिशांनी. आधी परत मिळवायचं. बँकेचं व्याज ७.४ आणि भागीदारांच्या भांडवलावरचं व्याज ७.२ हे दोन्ही नफ्यात परत घालायचे, कारण पैशाची किंमत आपण खाली एकदाच आणि पूर्ण लावणार आहोत. भागीदारी फर्ममध्ये सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बँकेचं व्याज परत घालायचं बहुतेकांच्या लक्षात राहतं, पण भागीदारांचं १२ टक्के व्याज पत्रकात खर्चाच्या रांगेत बसलेलं असल्यामुळे तसंच राहून जातं. मग तोच पैसा दोनदा कापला जातो आणि बरा चाललेला धंदाही तोट्यात दिसतो. दोन्ही घातल्यावर नफा २५.६ होतो.

आता वजा करायचं. दोघे भाऊ महिन्याला वीस-वीस हजार उचलतात. एक भाऊ प्रॉडक्शन बघतो, दुसरा पार्टी, खरेदी आणि वसुली. तीच कामं करायला बाहेरचा माणूस ठेवला तर प्रत्येकी चाळीस हजारांच्या खाली कोणी येणार नाही असं धरू. म्हणजे वर्षाला आणखी ४.८ खर्च दाखवायला हवा. शेड वडिलांच्या नावावर आहे, भाडं कोणी देत नाही. तेवढीच शेड भाड्याने घेतली असती तर महिन्याला २५ हजार गेले असते, म्हणजे वर्षाला ३. हे दोन्ही कमी केले की उरतात १७.८.

शेडच्या बाबतीत दुसराही मार्ग आहे: तिची आजची बाजारातली किंमत भांडवलात धरायची आणि भाडं सोडून द्यायचं. दोन्हींपैकी एकच करा. नवशिक्याने भाड्याचा मार्ग घ्यावा असं मी सांगेन, कारण शेजारच्या शेडचं भाडं चार ठिकाणी विचारून कळतं, जागेची किंमत मात्र जो तो वेगळी सांगतो. आणि जागेची किंमत वाढून झालेला फायदा हा मशिनिंगच्या धंद्याचा फायदा नव्हे.

मग कर. फर्मला ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. तो प्रत्यक्ष भरलेल्या चलनावरून न घेता या १७.८ वर काढायचा: ५.५५. व्याजामुळे करात जी सूट मिळते ती आपण दरात धरणार आहोत, म्हणून इथे ती पुन्हा घ्यायची नाही. करानंतरचा कामकाजाचा नफा झाला १२.२५.

दुसरी पायरी: पैसा कशात अडकलाय

ताळेबंदाची मालमत्तेची बाजू उघडा. मशिन घसारा जाऊन ७०. माल, म्हणजे कच्चं कास्टिंग, अर्धवट झालेलं काम आणि तयार पडलेले पार्ट, २२. पार्ट्यांकडून येणं ६०. वीज डिपॉझिट आणि रोजच्या व्यवहाराची रोकड ६. एकूण १५८.

यातून बिनव्याजी उधारी वजा करायची. फाउंड्रीचं आणि टूलवाल्याचं देणं २४, पगार आणि इतर देणी ४, मिळून २८. हा पैसा दुसऱ्याचा आहे आणि त्यावर वेगळं व्याज लागत नाही. उरलं १३०. पलीकडची बाजू जुळते का पाहा: बँकेचं टर्म लोन आणि कॅश क्रेडिट म्हणजे सीसी मिळून ७०, भावांचं भांडवल ६०. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा फरक सापडतो तो घरच्या गरजेसाठी उचललेल्या पैशात, नाहीतर धंद्याच्या खात्यात ठेवलेल्या एखाद्या एफडीत. मशिनिंगच्या कामाशी संबंध नसलेली एफडी भांडवलातून काढायची आणि तिचं व्याज नफ्यातून काढायचं.

पार्टीने दिलेलं कास्टिंग तुमच्या मालात धरू नका. लेबर जॉबवर आलेला माल तुमच्या शेडमध्ये पडलेला असला तरी त्यात तुमचा पैसा नाही. स्टोअरमध्ये दोन्ही माल शेजारी शेजारी असतात आणि मोजणाऱ्या पोराला फरक माहीत नसतो. म्हणून चलनावरून ताडून बघा.

आणि फक्त ३१ मार्चचा ताळेबंद धरू नका. मार्चअखेरीला सगळेच वसुलीच्या मागे लागतात, माल बाहेर काढतात, आणि त्या एका दिवशी भांडवल कमी दिसतं. सीसी असेल तर दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट जातं. त्यात माल, येणं आणि देणं तिन्ही असतात. बारा महिन्यांची बारा स्टेटमेंट काढून सरासरी घेतली की वर्षभर खरोखर किती पैसा अडकला होता ते कळतं. एवढंच, की उचलीची मर्यादा टिकावी म्हणून काही जण त्यात न हलणारा मालही पूर्ण किमतीने दाखवतात. तसं असेल तर आधी तो आकडा स्वतःपुरता खरा करून घ्या. आपल्या उदाहरणातले १३० हे असं सरासरीचं भांडवल समजा.

तिसरी पायरी: दर

बँकेच्या पैशाचा दर सांगता येतो. व्याज १०.५ टक्के, त्यावर करात ३१.२ टक्क्यांची बचत, म्हणजे खरा भार ७.२२ टक्के. ७० लाखांवर तो ५.०६ होतो.

भावांच्या स्वतःच्या ६० लाखांचा दर कुठेच छापलेला नसतो. तो ठरवावा लागतो. पार्टनरशिप डीडमधलं १२ टक्के इथे धरू नका. आयकरात तेवढ्यापर्यंत खर्च मान्य होतो म्हणून तो आकडा लिहिलेला असतो, धंद्यातल्या जोखमीशी त्याचा संबंध नाही. विचार असा करा: बँकेकडे मशिन गहाण आहे, वर दोघांची वैयक्तिक हमी आहे, तरी ती साडेदहा टक्के घेते. धंदा बसला तर बँकेचं आधी फिटणार आणि भावांच्या हाताला शेवटी जे राहील ते. म्हणजे त्यांचा दर बँकेपेक्षा बराच वर असायला हवा. एकदोन पार्ट्यांवर अवलंबून असलेल्या वर्कशॉपला करानंतर १६ टक्के धरणं मला रास्त वाटतं. ६० लाखांवर ९.६.

दोन्ही मिळून भांडवलाचा आकार १४.६६. १३० ला भागलं तर दर ११.२७ टक्के, तोंडी हिशोबाला सव्वाअकरा.

ईव्हीए = १२.२५ − १४.६६ = उणे २.४१

पत्रकात ११ लाख नफा, वर ७.२ व्याज आणि ४.८ पगार घरात आला, आणि तरी हा धंदा वर्षाला दोन लाख एकेचाळीस हजारांनी कमी पडतोय. याचा अर्थ धंदा बुडतोय असा घेऊ नका. बँकेचा भार देऊन भावांच्या ६० लाखांवर करानंतर ७.१९ लाख सुटतात, म्हणजे बारा टक्के. त्यांनी मागितले होते सोळा. तुमचा सोळाचा अंदाज चुकला असेल अशी शंका येत असेल तर १४ आणि १८ लावून बघा: उणे १.२१ आणि उणे ३.६१. चिन्ह बदलत नाही, म्हणजे निष्कर्ष त्या अंदाजावर टेकलेला नाही. एखाद्या धंद्यात दोन टक्क्यांनी चिन्ह उलटत असेल, तर ईव्हीए शून्याच्या आसपास आहे एवढंच म्हणावं, पुढे ताणू नये.

येणं: बहुतेक वर्कशॉपचं दुखणं इथे

२४० च्या विक्रीवर ६० लाख येणं म्हणजे ९१ दिवसांची उधारी. ती ६० दिवसांवर आणली तर येणं ३९.५ वर येतं आणि २०.५ लाख मोकळे होतात. सव्वाअकरा टक्क्यांनी त्यांचा आकार २.३१ लाख. नवी मशिन नाही, दरवाढ नाही, एक पार्टही जास्त काढला नाही, तरी ईव्हीए उणे २.४१ वरून जवळजवळ शून्यावर येतो. मोकळा झालेला पैसा मात्र खरोखर सीसीत भरला गेला पाहिजे किंवा भावांनी काढून घेतला पाहिजे. तो चालू खात्यात पडून राहिला तर भांडवल कमी झालंच नाही.

त्यासाठी सूट द्यावी का, हा प्रश्न लगेच येतो. एका पार्टीचं वर्षाचं बिल ६० लाख आहे आणि ती ९० दिवसांनी पैसे देते. ३० दिवसांत दिले तर २ टक्के कमी करू, असं तुम्ही सांगितलं. सुटीचा खर्च १.२ लाख, करानंतर ८३ हजार. येणं १५ वरून ५ लाखांवर आलं, १० लाख मोकळे झाले, आकार वाचला १ लाख साडेबारा हजार. वर्षाला तीस हजारांच्या आसपास तुमचे. तीच सूट ३ टक्के केली तर करानंतरचा खर्च १ लाख २४ हजार होतो आणि तुम्ही अकरा हजारांनी मागे जाता. या आकड्यांवर सीमा २.७ टक्क्यांची आहे. पार्टीच्या खरेदी विभागाशी बसण्याआधी स्वतःची ही सीमा काढून खिशात ठेवा, कारण तिथे घासाघीस अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने चालते.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ठरलेली पार्टी तुटेल म्हणून कोणी सहसा दावा लावत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक छापला आणि मुदत लिहिली तरी फरक पडतो. ४५ दिवस उलटून वर्षअखेरीला थकलेलं देणं खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्याचा सीएच त्याच्या मागे लागतो.

मटेरियलसह की लेबर जॉब?

विक्री मोठी दिसावी म्हणून बरेच जण कास्टिंग स्वतः घेऊन पूर्ण पार्ट द्यायला बघतात. एकाच पार्टचा दोन्हीकडून हिशोब करू. मटेरियलसह वर्षाचं बिल ६० लाख, त्यात कास्टिंग ३४. करानंतरचा नफा ३.६. भांडवल: तीन महिन्यांचं येणं १५, मशिनचा वाटा १४. महिन्याभराचं कास्टिंग शेडमध्ये आणि महिन्याभराचीच फाउंड्रीची उधारी, ते एकमेकांत वळतं. एकूण २९, आकार ३.२६, ईव्हीए चौतीस हजार.

तेच काम पार्टीच्या कास्टिंगवर केलं तर बिल २६ लाख, करानंतरचा नफा २.९. येणं ६.५, मशिन १४, एकूण २०.५, आकार २.३१, ईव्हीए एकोणसाठ हजार. विक्री निम्म्याहून कमी, नफाही कमी, आणि उरतं जास्त. कारण उघड आहे: कास्टिंगचे पैसे तुम्ही फाउंड्रीला महिन्यात देता आणि पार्टीकडून बिल झाल्यावर तीन महिन्यांनी घेता. मधले तीन महिने पार्टीच्या मालाला तुमचं भांडवल लागतं, आणि त्याबदल्यात कास्टिंगवर मिळालेला नफा तेवढा नाही. त्यातच मशिनिंग झाल्यावर ब्लो होल निघाला तर फाउंड्रीशी भांडायचं काम तुमचं. लेबर जॉबमध्ये तो पीस पार्टीच्या खात्यात जातो. मजुरी मात्र रिजेक्शनच्या पीसवरही मिळेल, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

उधारी ४५ दिवसांची असती तर हेच उत्तर उलटलं असतं. दोन्हीकडचं येणं निम्मं करून बघा: मटेरियलसह ईव्हीए एक लाख अठरा हजारांच्या आसपास जातो आणि लेबर जॉबचा सुमारे शहाण्णव हजारांवर राहतो. म्हणून मटेरियल घ्यायचं की नाही हे पार्टीच्या उधारीवरून ठरवा.

जुन्या मशिनचा चकवा

एक गोष्ट या पद्धतीतच वाकडी आहे. ४० लाखांचं नवं व्हीएमसी घेतलं तर पहिल्या वर्षी त्यावर साडेचार लाख आकार बसतो. १५ टक्के घटत्या घसाऱ्याने सहा वर्षांत पुस्तकातली किंमत १५ लाखांवर येते आणि आकार १ लाख ७० हजार होतो. मशिन तेच, काम तेच, आणि ईव्हीए आपोआप पावणेतीन लाखांनी सुधारलेला दिसतो. त्याच्या भरवशावर मालक जुन्या मशिनलाच चिकटून राहतो, आणि नवं घेतलं की पहिली दोन वर्षं उणे दिसून घाबरतो.

यावर दोन उपाय आहेत. चालू वर्षाच्या हिशोबात मशिन पुस्तकी किमतीने न धरता आज विकलं तर जुन्या मशिनचा दलाल किती देईल, त्या किमतीने धरा, आणि वर्षभरात ती किंमत जेवढी उतरली तेवढाच घसारा लावा. नवं घ्यायचं की नाही हे ठरवताना मात्र घसारा आणि आकार वेगळे न काढता दोन्हींचा मिळून दरवर्षी सारखा हप्ता काढा. ४० लाख, १० वर्षं, सव्वाअकरा टक्के, शेवटी मोडीचं काही धरायचं नाही. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये असं टाका:

```
=PMT(11.25%,10,-4000000)
```

उत्तर वर्षाला ६.८६ लाख येतं, म्हणजे महिन्याला सत्तावन्न हजार. त्या मशिनवरच्या कामातून ऑपरेटर, वीज, टूल आणि कर जाऊन, घसारा वजा करण्याआधी, महिन्याला एवढे सुटायला हवेत. एका शिफ्टमध्ये ते सुटत नसतील तर दुसऱ्या शिफ्टचं काम हातात असल्याशिवाय मशिनची ऑर्डर देऊ नका. दुसऱ्या शिफ्टला ऑपरेटर आणि वीज वाढते, पण हा सत्तावन्न हजारांचा आकडा तेवढाच राहतो.

पहिल्या वेळी हा हिशोब मार्चच्या पत्रकावरून करा. पुढे दर तिमाहीला करायचा असेल तर दराला चारने भागायला विसरू नका: तिमाहीचा नफा आणि वर्षाचा आकार एकत्र आले की कुठलाही धंदा बुडीत दिसतो.